बाराव्या वर्षी ऐकलेलं ‘केवढी सुटलीस गो’ पुढे कुठवर जातं

चवथीला मूळ घरी सगळे जमले की पोरांची पाहणी सुरू होते. कोण उंचीने कुणाच्या पुढे गेला, कुणाला मिसरूड फुटली, कुणाचं तोंड पुरळांनी भरलं. माटोळी बांधून झालेली असते, आत पातोळ्या वाफेवर असतात, आणि वर्षभराने भेटलेली काकी सहावीतल्या पुतणीला वरपासून खालपर्यंत बघून म्हणते, “आगे, केवढी सुटलीस गो! नेवऱ्या जरा बेतानंच खा हां.” सगळे हसतात. मुलगीही हसते. रात्री फुगडीला मात्र ती उठत नाही, पोटात दुखतं म्हणून सांगते.

काकीच्या मनात काही वाईट नसतं. उलट आपल्याकडे न बोलणं हेच परकेपणाचं लक्षण. पण अशा शेऱ्यांचं पुढे काय होतं, याचा माग संशोधकांनी दहा-दहा, अठरा-अठरा वर्षं काढला आहे. त्यातून जे दिसतं ते बहुतेक पालकांना पटत नाही, कारण ते आपल्या नेहमीच्या समजुतीच्या उलट आहे. ते नीट कळायला आधी त्या वयाच्या शरीरात काय चाललेलं असतं ते बघू.

सहा किलो वाढले, म्हणजे काय झालं?

मुली साधारण आठ ते तेरा या वयात कधीतरी वयात यायला लागतात, मुलगे नऊ ते चौदा या वयात. मुलीची उंची सगळ्यात झपाट्याने वाढते ती बाराव्या वर्षाच्या आसपास, वर्षाला सुमारे आठ सेंटीमीटर. मुलाचा हा काळ त्यानंतर साधारण दोन वर्षांनी येतो. वजनाची गोष्ट थोडी निराळी आहे. मुलींमध्ये वजनवाढीचा जोर उंचीच्या जोरापेक्षा साधारण सहा महिने मागे असतो. म्हणजे उंची भराभर वाढून मंदावायला लागते, तेव्हा वजन मात्र जोरात वाढत असतं. त्याच सुमारास कंबर, मांड्या आणि छाती भरते. या वाढीत चरबीचा वाटा मोठा असतो आणि तो असायलाच हवा. पाळी सुरू होणं आणि नियमित राहणं त्यावर अवलंबून असतं.

घर बांधायला घेतलं की आधी अंगणात चिरे, रेती, खडी येऊन पडते. त्या दिवसांत कुणी येऊन ‘काय हा पसारा’ म्हणाला तर आपण त्याला वेड्यात काढू. वयात येणाऱ्या मुलीचं वजन हा तसाच आणून टाकलेला माल असतो, आणि नातेवाईक नेमके तेव्हाच घर बघायला येतात.

आता आकड्यांत बघू. फोंड्याची एक मुलगी समजा. अकराव्या वाढदिवसाला तिची उंची १३८ सेंटीमीटर आणि वजन ३२ किलो होतं. बाराव्या वाढदिवसाला उंची १४५ आणि वजन ३८. काकीला दिसतात ते वाढलेले सहा किलो. डॉक्टर मात्र वजन एकटं बघत नाहीत. ते बीएमआय काढतात, म्हणजे किलोतलं वजन भागिले मीटरमधल्या उंचीचा वर्ग. या मुलीचा बीएमआय वर्षात साधारण १६.८ वरून १८ वर गेला. या वयात तो असाच वर सरकतो. बालरोगतज्ज्ञांच्या वाढीच्या तक्त्यावर ती आधीही मधल्या पट्ट्यात होती आणि आताही आहे.

आता गंमत बघा. तोच आकडा आईने मोबाइलवरच्या मोठ्या माणसांच्या कॅल्क्युलेटरमध्ये घातला तर उत्तर येईल ‘वजन कमी’, कारण मोठ्यांसाठी १८.५ च्या खालचा बीएमआय कमी समजतात. म्हणजे एकाच दिवशी, एकाच मुलीला काकी जाडी म्हणते आणि मोबाइल हडकुळी म्हणतो. दोघेही चुकतात, कारण दोघांनीही वय विचारलेलं नसतं. मुलांचा बीएमआय वयाच्या आणि लिंगाच्या तक्त्यावरच वाचायचा असतो. आपल्याकडे त्यासाठी भारतीय बालरोग संघटनेचे, म्हणजे आयएपीचे, २०१५ मधले पाच ते अठरा वर्षांसाठीचे तक्ते वापरतात.

मुलग्यांचं वेगळंच असतं. या वयात साधारण निम्म्या मुलग्यांच्या छातीत स्तनाग्रांखाली छोटीशी, दुखरी गाठ येते किंवा छाती किंचित वर आल्यासारखी दिसते. संप्रेरकांच्या चढउतारामुळे हे होतं आणि बहुतेकांचं वर्ष-दोन वर्षांत आपसूक ओसरतं. पण हे त्याला कुणी सांगितलेलं नसतं. एखादा मामेभाऊ त्यावरून चिडवतो आणि मुलगा नदीवर पोहायला जाणं सोडतो. गावच्या मैदानावर एक संघ शर्ट काढून फुटबॉल खेळणार म्हटलं की तो पायाला लागल्याचं निमित्त काढून बाहेर बसतो. मुलींचं निदान घरात कुणीतरी कुणाकडे तरी बोलतं. मुलग्यांचं कुणी काढतच नाही.

हसण्यावारी का नेत नाहीत ही मुलं?

याच वयात मनातही एक बदल होतो. दुसरा आपल्याबद्दल काय विचार करत असेल याची कल्पना करण्याची ताकद येते, पण तिचं माप अजून बसलेलं नसतं. त्यामुळे सगळे आपल्याकडेच बघताहेत असं मुलांना वाटत राहतं. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ डेव्हिड एल्काइंड यांनी १९६७ मध्ये याला ‘काल्पनिक प्रेक्षक’ असं नाव दिलं. कपाळावर एक पुटकुळी आली म्हणून शाळा बुडवू पाहणारी मुलगी नाटक करत नसते. तिच्या डोक्यात खरोखरच भरलेलं सभागृह असतं.

आपलं शरीर कसं आहे, याचं जे चित्र आपण मनात बाळगतो त्याला देहप्रतिमा म्हणतात. आरशात दिसणारं आणि हे मनातलं चित्र सारखं असेलच असं नाही. मनातलं चित्र लोकांच्या शब्दांनी रंगतं, आणि दहा ते चौदा या वयात ते सगळ्यात ओलं असतं.

मग घरच्यांचाच शब्द एवढा का लागतो? शाळेत कुणी चिडवलं तर मुलाला स्वतःला समजावता येतं, की तो वाईट आहे, तो सगळ्यांनाच चिडवतो. आई किंवा आजी बोलली तर ही पळवाट राहत नाही. ती आपल्यावर प्रेम करते, आपल्याशी खोटं बोलत नाही, तरी असं म्हणते, म्हणजे ते खरंच असणार. शिवाय घर ही प्रेक्षक नसलेली एकच जागा होती. तिथेही आता कुणीतरी बघतंय हे कळलं की कपडे बदलण्यापासून जेवायला बसण्यापर्यंत सगळं मोजूनमापून व्हायला लागतं.

वाक्याचा माग काढला तेव्हा

२०१४ मध्ये अमेरिकेत जेफ्री हंगर आणि जेनेट टोमियामा या मानसशास्त्रज्ञांनी २,३७९ मुलींच्या नोंदी तपासल्या. या मुलींना दहाव्या वर्षी विचारलं होतं, की तुला कुणी कधी जाडी म्हटलंय का? वडील, आई, भावंडं, मैत्रिणी, शिक्षक अशी यादी पुढे ठेवली होती. निम्म्याहून जास्त मुलींनी हो म्हटलं. पुढे एकोणिसाव्या वर्षी त्यांचं वजन आणि उंची मोजली. ज्यांना दहाव्या वर्षी जाडी म्हटलं होतं, त्यांचं वजन एकोणिसाव्या वर्षी स्थूलतेच्या पातळीवर असण्याची शक्यता जास्त निघाली. घरच्यांनी म्हटलं असेल तर हा संबंध बाहेरच्यांनी म्हटल्यापेक्षा अधिक ठळक होता.

इथे चाणाक्ष वाचक म्हणेल, त्यात काय? ज्या जाड होत्या त्यांनाच लोक बोलले आणि त्याच पुढे जाड राहिल्या. शंका रास्त आहे. म्हणूनच संशोधकांनी दहाव्या वर्षीचा प्रत्यक्ष बीएमआय, घरचं उत्पन्न आणि मुलगी वयात कधी आली हे सगळं हिशेबात घेतलं. म्हणजे सारख्याच वजनाच्या मुलींमध्ये, जिला बोललं गेलं आणि जिला नाही, त्यांच्यात फरक पडला. यावरून बोलण्यामुळेच वजन वाढलं असं शंभर टक्के सिद्ध होत नाही, कारण अर्ध्या मुलींना मुद्दाम टोचून बोलण्याचा प्रयोग कुणी करणार नाही. पण ‘बोललं की सुधारते’ या आपल्या समजुतीला मात्र यात कुठेच आधार सापडत नाही.

ब्रिटनमध्ये ब्रिस्टल परिसरात नव्वदच्या दशकात जन्मलेल्या मुलांचा आजवर पाठपुरावा चालू आहे. त्यातल्या चार हजारांहून अधिक जणांची माहिती २०२४ मध्ये प्रसिद्ध झाली. तेराव्या वर्षी वजन कमी कर म्हणून पालकांचा दबाव आहे असं ज्यांना वाटलं होतं, ते एकतिसाव्या वर्षीही आपल्या वजनावरून स्वतःला जास्त हिणवताना दिसले. प्रत्यक्ष वजन हिशेबात धरल्यावरही हा संबंध टिकला. तेव्हा बोलणारे कदाचित विसरूनही गेले असतील.

मधल्या काळात नेमकं काय घडतं?

फोंड्याच्या त्याच मुलीकडे परत जाऊ. शेरा ऐकल्यावर तिच्या हातात उपाय एकच असतो, कमी खाणं. सोमवारी सकाळी ती पाव-भाजी अर्धी टाकून शाळेत जाते. मधल्या सुट्टीत डबा मैत्रिणीला देते. दुपारी घरी येते तेव्हा वाढत्या वयाचं शरीर भुकेने कावलेलं असतं, आणि ते शीत-हुमणावर थांबत नाही. चार वाजता आई घरी नसताना ती फरसाणाचा डबा उघडते आणि उभ्या उभ्या संपवते. मग अपराधी वाटतं. त्याची भरपाई म्हणून रात्री जेवत नाही, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच.

बाहेरून आईला दिसतं ते वेगळंच. जेवत नाही आणि अरबट-चरबट मात्र खाते. म्हणून ती आणखी बोलते. त्यात मुलीने खेळ सोडलेला असतो, कारण धावताना सगळे बघतात. अमेरिकेतच नऊ ते चौदा या वयाच्या मुलामुलींच्या एका मोठ्या पाहणीत, २००३ मध्ये, असं दिसलं की डाएट करणाऱ्यांचं वजन पुढे न करणाऱ्यांपेक्षा जास्त वाढलं. उपाशी राहणं आणि नंतर ताबा सुटून खाणं, ही जोडी त्यात होतीच. २०१६ मध्ये अमेरिकन बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने पालकांसाठी जी मार्गदर्शक सूत्रं काढली, त्यात म्हणूनच स्पष्ट सांगितलं आहे की या वयात डाएटला उत्तेजन देऊ नका, मुलांच्या आणि स्वतःच्याही वजनाबद्दल घरात बोलू नका, चिडवू नका, आणि शक्य तितक्या वेळा एकत्र बसून जेवा.

“आम्हालाही बोललेच की, आमचं काय बिघडलं?”

हा प्रश्न हमखास येतो, बहुतेक वेळा बाबांकडून. प्रत्येकावर खूण राहतेच असं कुणी म्हणत नाही. शक्यता वाढते, एवढंच. पण काय बिघडलं याची तपासणी करायची असेल तर एक सोपी जागा आहे. चाळीस-पन्नासच्या बायकांना विचारा, लहानपणी दिसण्यावरून घरी काय म्हणायचे. ‘काळी’, ‘भोपळा’, ‘हिचं लग्न जमायला त्रास होणार’, हे शब्द, कोण बोललं, कुठे बोललं, तेव्हा अंगावर कुठला फ्रॉक होता, सगळं त्या सांगतील. मार्क किती पडले होते ते आठवणार नाही.

रंगाचं तर आपल्याकडे वजनाहूनही जुनं दुखणं आहे. बाकी कुठे नाही तरी बारशाला पाळण्यात डोकावणारा पहिला शेरा रंगाचाच असतो. वजनाबद्दल निदान ‘आरोग्यासाठी बोलले’ अशी सबब असते. रंगाला तीही नाही. तिथे समजावण्यासारखं काही नाही, फक्त थांबवायचं आहे.

आणखी एक गोष्ट नजरेतून सुटते. मुलीला एका शब्दाने न बोलणारी आई रोज आरशासमोर ‘बाई गं, किती हे पोट’ म्हणत साडी नेसत असेल, तर मुलगी तेही ऐकत असते. तिला कळतं की या घरात पोट असणं ही लाजेची गोष्ट आहे, आणि तिचं पोट आईसारखंच आहे.

“मग खरंच वजन जास्त असेल तर गप्प बसायचं?”

नाही. आधी ते खरंच जास्त आहे का ते बघायचं, आणि ते नातेवाईकांच्या नजरेने नाही. वर्षातून एकदा-दोनदा बालरोगतज्ज्ञांकडे उंची-वजन मोजून आयएपीच्या तक्त्यावर टिंब टाकून घ्यायचं. एका टिंबाने फारसं कळत नाही. दोन-तीन वर्षांची टिंबं जोडली की रेषा दिसते. मूल आपल्याच पट्ट्यातून वर चाललं असेल तर ती वाढ आहे. रेषा पट्टे ओलांडून वर जात असेल, किंवा जास्त वजनासाठीच्या रेषेच्या पुढे गेली असेल, तर डॉक्टर थायरॉइड, झोप, औषधं, घरातली प्रकृती आणि मानेवर काळपट मखमली पट्टा आहे का ते बघतील. हा पट्टा पुष्कळदा शरीरात इन्शुलिनचं काम नीट होत नसल्याची खूण असते. आपल्याकडे मात्र त्याला मळ समजून मुलीला मान घासायला लावतात.

वजन कमी करायची गरज या वयात डॉक्टरांनाही क्वचितच वाटते. बहुतेक वेळा उंची वाढेपर्यंत वजन फार वाढू न देणं पुरतं. त्यासाठी मुलीच्या एकटीच्या ताटातलं काढून घ्यायचं नसतं, घराचं सामान बदलायचं असतं. गोड पेयाची बाटली फ्रिजमध्ये कुणासाठीच आणायची नाही. संध्याकाळी चारला खायला काहीतरी तयार ठेवायचं, पोळो असो किंवा उसळ. भाऊ बारीक आहे म्हणून त्याला दोन भजी आणि तिला एक, हा हिशेब तर बंदच. मुलीला तो आयुष्यभर पाठ राहतो.

बोलायचं तर कशाबद्दल, याचंही उत्तर मिळालं आहे. २०१३ मधल्या एका अभ्यासात ज्या घरात पालक वजनाबद्दल आणि आकाराबद्दल बोलत, तिथल्या मुलांत उपाशी राहणं, ताबा सुटून खाणं असे प्रकार जास्त दिसले. जिथे पालक फक्त चांगल्या खाण्याबद्दल बोलत, तिथे ते कमी दिसले. ‘भाजी घे, आज तांबडी भाजी आहे’ हे चालतं. ‘भाजी घे म्हणजे बारीक होशील’ हे नाही. वाक्याचा दुसरा अर्धा भाग घात करतो.

काकीला कसं सांगायचं?

वादाने नाही, कारण सणात वाद झाला की मुलगी पुन्हा सगळ्यांच्या नजरेसमोर येते आणि आता तिच्यामुळे भांडण झालं हेही तिच्या माथी बसतं. आधीच फोनवर सांगून ठेवलेलं बरं, की वहिनी, ती आता वयात येतेय, डॉक्टरांनी तिच्यासमोर वजनाचा विषय काढू नका म्हटलंय. आपल्याकडे डॉक्टरांचं नाव घेतलं की बरंच निभावतं. तरीही शेरा आलाच तर तिथल्या तिथे हलक्या आवाजात, ‘तिचं वय वाढीचं आहे, बरोबर वाढतेय ती’, एवढं म्हणून विषय बदलायचा. मुलीच्या कानावर ते पडायला हवं. रात्री तिच्याशी बोलताना ‘तू किती सुंदर आहेस’ म्हणून पटवू नका. त्यातही विषय दिसण्याचाच राहतो. त्यापेक्षा उंची आधी वाढते आणि वजन मागून येतं हे तिला समजावून सांगा, तक्ता दाखवा.

चिंता कधी करायची?

वाढत्या वयात वजन सहा महिने जागच्या जागी राहिलं, तरी ती धोक्याची खूण असू शकते. मोठ्यांसाठी ती अभिमानाची गोष्ट, मुलांसाठी नाही. वजन उतरत असेल तर ती धोक्याची खूण आहेच. सुरू झालेली पाळी सलग तीन महिने आली नाही, उभं राहताच डोळ्यांपुढे अंधारी येते, जेवण झाल्याबरोबर न चुकता संडास-बाथरूममध्ये जाऊन नळ सोडला जातो, सगळ्यांबरोबर जेवायला बसणं बंद झालं, ऑक्टोबरच्या उकाड्यात जॅकेट अंगावरून उतरत नाही, यांपैकी काहीही दिसलं तर वाट बघू नका. मुलगा असेल तर ‘फिटनेसचं वेड आहे’ म्हणून सोडून देऊ नका. चक्कर, उलट्या किंवा झपाट्याने उतरलेलं वजन असेल तर आधी बालरोगतज्ज्ञ, कारण त्यात क्षारांचं प्रमाण आणि हृदयाचे ठोके तपासावे लागतात.

मनाच्या बाजूसाठी बांबोळीला आयपीएचबी ही सरकारी मनोविकार संस्था आहे. १४४१६ हा टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य मदतवाहिनीचा फोन मोफत आणि चोवीस तास चालतो, आणि पालकांनीही त्यावर बोलायला हरकत नाही. डॉक्टरांकडे जाताना शाळेच्या आरोग्य तपासणीतल्या जुन्या उंची-वजनाच्या नोंदी सापडतील तेवढ्या सोबत न्या. मुलीला काट्यावर उभं करायची वेळ आली तर आकडा मोठ्याने वाचू नका, असं आत जाण्यापूर्वीच नर्सला सांगता येतं.